अंगठ्याची वेळ आणि पगारातली वेळ

गेल्या हंगामात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जाणाऱ्या आपल्या गटांतल्या बायकांनी एकच प्रश्न बैठकीत पुन्हा पुन्हा विचारला. "मशीनवर अंगठा लावला ८ वाजून ५४ मिनिटांनी, पण पगाराच्या कागदावर ९ का लिहिलंय? आणि संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी अंगठा लावला, तर तिथे बरोबर ६ कसे?" काहींना वाटलं मशीन बिघडलंय. काहींना वाटलं कारकून लबाडी करतोय. तसं दोन्ही नव्हतं. त्यामागे एक हिशोबाची पद्धत आहे, ती आज आपण समजून घेऊ. आणि ती महिनाभर चालली तर तिच्यात कोणाचं किती जातं, तेही मोजून पाहू.

आधी पद्धत. अंगठ्याचं मशीन खरी वेळ मिनिटासकट साठवतं. पण पगार काढताना ऑफिसातला संगणक ती वेळ जवळच्या पाव तासाला जुळवतो, म्हणजे ९:००, ९:१५, ९:३०, ९:४५ यांपैकी जी सगळ्यात जवळ असेल तिला. ७ मिनिटांपर्यंतचा फरक असेल तर मागे ओढायचं, ८ मिनिटं किंवा जास्त असेल तर पुढे ढकलायचं. म्हणून ८:५३ पासून ९:०७ पर्यंत कधीही अंगठा लावला तरी कागदावर ९ च येतात. ८:५२ ला लावला तर मात्र ८:४५ धरले जातात, आणि ९:०८ ला लावला तर ९:१५. संध्याकाळीही हाच नियम.

ही पद्धत आपल्या इकडची नाही. कागदी कार्डावर वेळ छापणारी घड्याळं होती आणि कारकून हाताने बेरजा करायचे, त्या काळातली ती सोय आहे. अमेरिकेच्या सरकारी नियमांत तिला परवानगी आहे, पण एका अटीवर. काही काळाचा हिशोब काढला तर कामगाराला त्याने प्रत्यक्ष केलेल्या सगळ्या कामाचा पैसा मिळाला पाहिजे. कधी चार मिनिटं गेली, कधी चार मिनिटं आली, शेवटी फिटंफाट. पद्धतीचा सगळा न्याय या एका वाक्यावर उभा आहे, तेव्हा ते वाक्य आपल्या पॅकहाऊसमध्ये खरं ठरतं का, एवढंच तपासायचं.

फिटंफाट होते कधी? तुमच्या येण्याजाण्याची वेळ खरोखर कशीही, कुठेही पडत असेल तर. आज ८:५१, उद्या ९:०४, परवा ८:५८. अशा वेळी मिनिटं जाण्याची आणि येण्याची शक्यता सारखीच असते. पण तेव्हाही महिनाअखेर बरोबर शून्य येत नाही, हे ध्यानात ठेवा. महिन्यात २६ दिवस काम म्हणजे ५२ वेळा अंगठा. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त साडेसात मिनिटं इकडे किंवा तिकडे. याचं गणित केलं, तर तीनातल्या दोन महिन्यांत एकूण फरक साधारण अर्ध्या तासाच्या आत राहतो, कधी तुमच्या बाजूने, कधी मालकाच्या. एक तासाहून जास्त फरक निव्वळ योगायोगाने वीसातून एखाद्या महिन्यातच पडावा. तेव्हा कोणाच्या वहीत महिन्याला पंचवीस मिनिटं कमी निघाली, तर लगेच भांडायला जाऊ नका. पुढच्या महिन्यात तीच बाई पंचवीस मिनिटांनी वर असू शकते.

आता खरी वही बघू. आमच्या एका गटातल्या ताईंनी महिनाभर अंगठा लावताना मशीनच्या पडद्यावर दिसलेली वेळ छोट्या वहीत लिहिली. कामाची वेळ ९ ते ६. मध्ये एक तास जेवणाची सुट्टी, ती सगळ्यांची सारखीच कापतात, म्हणून हिशोबाबाहेर ठेवली. त्यांच्या पहिल्या आठवड्याची पानं अशी होती.

सोमवारी आल्या ८:५४ ला, गेल्या ६:०४ ला. कागदावर ९ ते ६. सकाळची सहा आणि संध्याकाळची चार, अशी दहा मिनिटं गेली. मंगळवारी ८:५६ आणि ६:०६, पुन्हा दहा गेली. बुधवारी गाडी लवकर आली, ८:५२. त्याचे धरले ८:४५, म्हणजे सात मिनिटं फुकट मिळाली. संध्याकाळी ६:०३ ला तीन गेली. दिवसाचा फायदा चार मिनिटांचा. गुरुवारी ८:५५ आणि ६:०७, बारा गेली. शुक्रवारी उशीर झाला, ९:०६. मशीनच्या हिशोबात ९ च धरले, म्हणजे सहा मिळाली, आणि संध्याकाळी ६:०५ ला पाच गेली. दिवसाला एक मिनिट वर. शनिवारी ८:५७ आणि ६:११. सकाळी तीन गेली, संध्याकाळी ६:१५ धरल्याने चार मिळाली, पुन्हा एक वर. आठवड्याची बेरीज केली तर ३२ मिनिटं गेली, ६ मिळाली. २६ मिनिटांचा तोटा.

महिनाअखेर त्यांच्या वहीत १४८ मिनिटं गेलेली आणि २४ मिनिटं मिळालेली निघाली. निव्वळ तोटा १२४ मिनिटांचा, म्हणजे दोन तास चार मिनिटं. हिशोबाला सोपं जावं म्हणून ताशी ५० रुपये धरले, तर १०३ रुपये. रक्कम मोठी नाही असं कोणी म्हणेल. पण योगायोगाचा अर्धा तास कुठे आणि हे दोन तास कुठे. चौपट फरक आहे. आणि तो पुढच्या महिन्यात उलटायचा नाही, कारण तो नशिबाचा नाहीच. त्याची कारणं पॅकहाऊसच्या दिनक्रमात आहेत.

पहिलं कारण लेट मार्क. ९ वाजून गेल्यावर आलेल्या बाईच्या नावापुढे सुपरवायझर रजिस्टरमध्ये लाल खूण करतो, मशीनने ९ धरले असले तरी. तीन खुणांना अर्धा दिवस कापतात. म्हणून कोणी ९ नंतर येण्याची जोखीम घेत नाही. गाडीवालाही बायकांना ८:५५ च्या सुमाराला उतरवतो. म्हणजे ९:०१ ते ९:०७ ही जी फायद्याची सात मिनिटं पद्धतीने ठेवलीत, ती धाकाने बंद झाली. राहिली ८:५३ ते ८:५९, म्हणजे फक्त तोट्याची. तराजूचं एक पारडं हाताने धरून ठेवायचं आणि वर म्हणायचं की तराजू तर खरा आहे, तसलाच हा प्रकार. लवकर आलेली मिनिटं मोजायची नाहीत आणि उशिराची मात्र रजिस्टरने मोजायची. आमच्या मते खरा अन्याय इथे आहे, पाव तासाच्या नियमात तेवढा नाही.

दुसरं कारण संध्याकाळचं, आणि ताईंच्या वहीत तेच मोठं निघालं. १२४ पैकी ९० मिनिटं संध्याकाळची होती. ६ वाजता पट्टा बंद होतो. मग टेबल पुसायचं, कात्र्या मोजून परत द्यायच्या, एप्रन टांगायचा आणि मग मशीनपुढे रांग. मशीन एक, बायका चाळीस. द्राक्षाच्या कामाने बोटं ओली आणि चिकट असतात, अंगठा पहिल्या फटक्यात उमटत नाही. एकीला १२ सेकंद धरली तरी चाळीस जणींना आठ मिनिटं लागतात. पहिलीचा अंगठा ६:०२ ला लागला, तर शेवटचीचा ६:१० ला. आता गंमत बघा. ६:०७ पर्यंत ज्यांचे अंगठे लागले त्यांना ६ वाजेपर्यंतचाच पैसा, आणि ६:०८ पासून पुढच्यांना सव्वासहापर्यंतचा. एका मिनिटाच्या फरकाने कागदावर पाव तास कमीजास्त. काही जणींच्या हे लवकर लक्षात आलं. त्या मुद्दाम चप्पल शोधत, पदर सावरत मागे रेंगाळू लागल्या. मालकाची तक्रार सुरू झाली की बायका फुकट वेळ काढतात. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण झटपट आवरून निघालेलीचं कापायचं आणि रेंगाळलेलीला द्यायचं, हे शिकवलं कोणी? हिशोबानेच ना.

तिसरी गोष्ट या पॅकहाऊसमध्ये नव्हती, पण इतरत्र भेटू शकते, म्हणून सांगतो. काही ठिकाणी 'जवळचा पाव तास' असं नुसतं म्हणतात, पण सकाळी नेहमी पुढे ढकलतात आणि संध्याकाळी नेहमी मागे ओढतात. ९:०३ ला आलात तर ९:१५, आणि ६:१२ ला गेलात तर ६:००. यात फायद्याला जागाच नाही. सरासरी एका अंगठ्यामागे सात मिनिटं, दिवसाला चौदा, २६ दिवसांत सहा तासांच्या वर जातात. ओळखायचं कसं? ९ नंतर दोनतीन मिनिटांनी आलेल्या एखाद्या दिवसाची कागदावरची वेळ बघा. ९ दिसली तर नियम दोन्ही बाजूंनी चालतो. ९:१५ दिसली तर एकाच बाजूने. मशीन बसवणारा माणूस ही सेटिंग एकदा करून जातो, आणि पुष्कळदा मालकालाही ती माहीत नसते. म्हणून पहिलं विचारणं रागाने करू नये.

आता मालकाची बाजू. आम्ही वही घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "काम ९ ला सुरू होतं. कोणी ८:५४ ला येऊन गप्पा मारत बसली तर त्याचे पैसे मी का द्यायचे?" या बोलण्यात तथ्य आहे. अंगठ्याची वेळ आणि कामाची वेळ या दोन गोष्टी आहेत. मशीन फक्त तुम्ही दारातून आत आलात एवढं सांगतं. प्रश्न असा, की त्या सहा मिनिटांत काय केलं? निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावर उभं राहण्याआधी बांगड्या उतरवणं, हात धुणं, टोपी, मास्क आणि एप्रन घालणं, कात्री घेणं हे सगळं करावंच लागतं. ते कामाचाच भाग आहे असं आमचं म्हणणं. झाडाखाली बसून डबा खाल्ला असेल तर ते काम नाही, हेही आमचंच म्हणणं. म्हणून वहीत वेळेपुढे एक शब्द लिहायला आम्ही सांगितलं. 'तयारी', 'बसले', 'टेबल पुसलं', 'रांग'. ताईंच्या संध्याकाळच्या नोंदींत बहुतेक दिवशी 'टेबल' आणि 'कात्री' होतं. त्यावर मालकांना फार बोलता आलं नाही. सकाळच्या नोंदींत निम्म्या दिवशी 'बसले' होतं, तिथे आम्हाला फार बोलता आलं नाही.

एकटीची वही घेऊन मात्र जाऊ नका. एकीच्या वहीत योगायोगाचा वाटा किती आणि पद्धतीचा किती, हे सांगणं अवघड असतं. दहा-अकरा जणींच्या वह्या एकत्र केल्या की योगायोग एकमेकींचा काटतो. एकीच्या बाबतीत योगायोगाने अर्धा तास इकडे तिकडे होतो. अकरा जणींची सरासरी काढली तर माणशी दहा मिनिटांच्या आसपासच राहायला हवा. आमच्या अकरा वह्यांत दहा जणी तोट्यात निघाल्या आणि एकच फायद्यात. ती नेहमी रांगेत शेवटी असायची, हे तिने हसत कबूल केलं. सगळ्यांची बेरीज ११०० मिनिटांचा तोटा, म्हणजे माणशी १०० मिनिटं. फायद्यातल्या बाईची वही बाजूला काढायचा मोह काही जणींना झाला होता. ती ठेवलीच पाहिजे असं आम्ही सांगितलं. सोयीच्या वह्या निवडून नेल्या असत्या, तर मालकांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता आणि बाकीच्या दहा वह्यांवरचा विश्वास गेला असता.

वही लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. वेळ मशीनच्या पडद्यावरची लिहा, मोबाईलवरची नको, कारण दोन घड्याळांत दोनतीन मिनिटांचा फरक सहज असतो आणि आपला सगळा वादच तेवढ्या मिनिटांचा आहे. आणि त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या वेळा आपोआप ५ आणि १० वर संपतात. ८:५५, ६:०५, ६:१० अशा ओळीने वेळा दिसल्या की वही अंदाजाने भरली हे कोणालाही कळतं.

कायद्याचंही थोडं सांगतो. वेतन देण्याबाबतचा १९३६ चा कायदा आणि त्याच्यानंतरची २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींत एक तत्त्व सारखं आहे. गैरहजेरीबद्दल मजुरी कापायची तर जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता त्या प्रमाणातच कापता येते, जास्त नाही. आता लेट मार्क यावर घासून बघा. सहा सहा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे १८ मिनिटं. त्याबद्दल अर्धा दिवस, म्हणजे चार तासांची मजुरी कापायची, हे त्या प्रमाणात कुठे बसतं? ताशी ५० रुपयांनी १८ मिनिटांचे १५ रुपये होतात, आणि कापले जातात २००. पाव तासाच्या घोळात महिन्याला जातात त्याच्या जवळजवळ दुप्पट एका फटक्यात. म्हणून मालकांशी बोलताना आम्ही हा मुद्दा आधी काढला.

पाव तासाबद्दलही बाहेर विचार बदलतो आहे. कॅलिफोर्नियातल्या एका अपील न्यायालयाने २०२२ मध्ये असं ठरवलं, की मालकाकडे मिनिटाची खरी नोंद आहेच, तर पैसे त्या मिनिटांचेच द्यावे लागतील, मागे-पुढे जुळवून कमी देता येणार नाहीत. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण त्यातला सवाल आपणही विचारू शकतो. हाताने बेरजा करायच्या होत्या तोवर पाव तास ठीक होता. आता संगणक बेरीज करतो, त्याला ५४ मिनिटं काय आणि ६० मिनिटं काय, सारखंच.

आणि मालकांना आकडा गोल हवाच असेल, तर त्याचाही रस्ता आहे. बचत गटात आपण व्याजाचे पैसे दर आठवड्याला गोल करत नाही, शेवटी एकदाच करतो. इथेही तेच. रोजची खरी मिनिटं बेरजेत घ्या, महिनाअखेर जी एकूण बेरीज येईल ती एकदाच पाव तासाला जुळवा. मग अख्ख्या महिन्यात जास्तीत जास्त साडेसात मिनिटांचा फरक पडेल, आणि तो खरोखर कधी इकडे, कधी तिकडे जाईल. कारण २६ दिवसांच्या मिनिटांची बेरीज कुठल्या आकड्यावर थांबेल हे ना गाडीवाला ठरवू शकतो, ना रांग.

हे मालकांना पटलं. संध्याकाळची मिनिटं आता खरी धरतात आणि महिन्याला एकदाच जुळवतात. रेंगाळणं आपोआप बंद झालं, कारण ६:०८ ची वाट बघण्यात काही उरलं नाही. सकाळचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. "काम ९ ला, तर तयारीही ९ ला," असं बायकांनी ठरवलं आणि घंटा झाल्यावरच हात धुवायला जाऊ लागल्या. पट्टा ९ वाजून ६ मिनिटांनी सुरू व्हायला लागला, तेव्हा सुपरवायझरने ८:५५ पासूनची तयारी धरायची तयारी दाखवली. तीन लेट मार्कांना अर्धा दिवस हा नियम अजून रजिस्टरमध्ये आहे, पण गेल्या महिन्यात त्यावरून कोणाचे पैसे कापले गेले नाहीत. या हंगामात जेवणाच्या सुट्टीतही अंगठा लावायला लावणार आहेत, म्हणजे रोज दोनाच्या जागी चार अंगठे. म्हणून वह्या बंद केलेल्या नाहीत. पानावर आणखी दोन रकाने आखून घेतलेत.